बिनमजुरीची चांदी

पारनेरच्या सोयरिकीत एकच अट होती आणि तीही कुणी अट म्हणून घातली नव्हती. साखरपुड्याच्या पंगतीत बनुबाईंनी, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आईनं, नवरीच्या आईच्या, विमलबाईंच्या, पानात पुरणपोळी वाढता वाढता म्हटलं, "चांदी-बिंदी घ्यायची तर आमच्या अंगदकडंच या. घरचा मानूस हाय. मजुरीचा रुपया घ्यायचा न्हाई तुमच्याकडनं."

अंगद हा बनुबाईंचा धाकटा भाऊ, नवरदेव संदीपचा मामा. पारनेरच्या बाजारात त्याचं काचेचं, दिव्यांनी लखलखणारं दुकान होतं. विमलबाईंचे मालक सोपानराव तिथंच पानावर बसून "व्हय व्हय, आमी दुसरीकडं कशाला जातोय," म्हणून मोकळे झाले. सोपानरावांचा स्वभावच तसा. माणूस समोरून चालत आला की यांनी रस्ता सोडलाच.

विमलबाईंच्या मिरजगावच्या घरात लेकीला पायात पैंजण आणि देवपूजेची चांदीची भांडी द्यायची रीत होती. विमलबाई पिढ्यानपिढ्यांच्या सोनाराकडून वस्तू घेत आलेल्या. पण तो म्हातारा गेला, मुलांनी दुकान मोडलं. म्हणून आधी नगरला एक चक्कर टाकावी, निदान भाव तरी कळेल, असं त्यांनी ठरवलं. लेक ज्ञानेश्वरीला संगं घेतलं.

नगरच्या सराफ बाजारातल्या त्या दुकानात काउंटरवरच्या मुलीनं पैंजण काट्यावर ठेवले आणि आतल्या बाजूचा बारीक शिक्का भिंगातून दाखवला. त्रिकोणी खूण, चांदी असं इंग्रजीत, नऊशे पंचवीस आणि सहा अक्षर-आकड्यांचा नंबर. "हा नंबर मोबाईलवर टाका, ताई." ज्ञानेश्वरीनं सरकारी ॲपमध्ये टाकला. वस्तू काय, चांदी किती, कुठल्या केंद्रात तपासली, सगळं पडद्यावर आलं.

"म्हंजी हजारात नऊशे पंचवीस चांदी?" विमलबाईंनी विचारलं.

"हो. बाकी तांबं, मजबुतीला. मजुरी मात्र ग्रॅमवर लागेल, काकू. आणि शिक्क्याचे पैंजण जाडजूड कमीच मिळतात."

ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन, घंटी. मुलीनं प्रत्येक वस्तू वेगळी तोलली. घंटीचा लोळा पितळेचा असतो, म्हणून तो काढून घंटी तोलली. विमलबाईंना ते आवडलं. पण मजुरी धरून आकडा त्यांच्या हिशोबाबाहेर गेला. उठताना म्हणाल्या, "बघून येतो." मुलगीही हसून म्हणाली, "बघा ना काकू, चार ठिकाणी बघा."

त्यानंतर ठरल्या दिवशी पारनेर. संदीपच्या घरून बनुबाई आल्या होत्या, सोपानराव होतेच. अंगदमामानं शटरपर्यंत येऊन स्वागत केलं, खुर्च्या मांडल्या, उसाचा रस मागवला. विमलबाईंनी पदराच्या गाठीतून आपले जुने तोडे काढले. लग्नात आईनं दिलेले. मोडीत घालून त्यातच लेकीचे पैंजण करायचे होते.

अंगदनं तोडे घेतले, घासले, मशीनमध्ये ठेवले. "विहीणबाई, जुना माल हाय. साठ टंच आलाय. शंभरात साठ चांदी. घट बी जाईल थोडी. साठच्या हिशोबानं धरतो."

विमलबाईंना वाईट वाटलं; पण ते खरंच असेल, त्या काळातलं गावठी काम. आईनंही काही मशीन लावून घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं."

मग नवे पैंजण आले. जाडजूड, घुंगरांचे, मिन्याची रंगीत फुलं. हातात घेतले की हात खाली जावा. बनुबाईंचे डोळे चमकले. "असं पायजे! आमच्याकडं हलकं चालत न्हाई. चार बायका बघत्यात."

"मजुरी शून्य," अंगद म्हणाला. "नुसता चांदीचा भाव, गुणिले वजन."

विमलबाईंनी पैंजण उलटे केले. आत दुकानाची दोन अक्षरं आणि एक चांदणी. बाकी काहीच नाही. त्यांच्या मनात गणित सुरू झालं. पुस्तकातलं नव्हे, बाजारात शेंगा विकणाऱ्या बाईच्या डोक्यातलं. माझे तोडे साठ टंच, म्हणून भावातले चाळीस टक्के कापले. मग हे किती टंच? जर हेही तेवढेच असतील, तर पुऱ्या चांदीचा भाव का लावला? मजुरी शून्य आहे की मजुरी आतच कालवली आहे?

निरांजन घेतलं. बूड फार जड. बोटानं वाजवलं तर खण्ण वाजायच्या ऐवजी मातीच्या घड्यासारखं दबून वाजलं. आत लाख भरली होती, आणि ती लाखही चांदीच्या भावानं काट्यावर बसली होती.

"मामा," त्या शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाल्या, "माझे तोडे मशीनवर घातले, तसे हे बी घाला की. नुसतं कळावं म्हनून."

सोपानरावांनी खुर्चीत पाय आखडून घेतले. बनुबाई भावाकडे बघत होत्या.

अंगद हसला. नकार देणं त्याला शोभलं नसतं. पैंजण मशीनमध्ये गेले. आकडा आला बासष्ट.

"पैंजनात असंच असतंय," तो पटकन म्हणाला. "जास्त चांदी घातली की कड्या वाकत्यात. अख्ख्या तालुक्यात हाच माल हाय."

तेही पूर्ण खोटं नव्हतं. "मग भाव बासष्टचा लावा," विमलबाई म्हणाल्या. "मजुरी वरनं घ्या. जी असंल ती. आन् बिलावर टंच लिहून द्या."

"म्हंजी माझ्यावर इस्वास न्हाई?" अंगदचा आवाज बदलला.

बनुबाई उठल्याच. "आमच्या मान्साच्या दुकानात बसून आमचीच झडती? विमलबाई, पोरगी द्यायला आलाय का पोलीस म्हनून आलाय?"

विमलबाईंच्या डोळ्यांसमोर ज्ञानेश्वरी उभी राहिली. उद्या ती या बनुबाईच्या चुलीपाशी बसायची, हिच्याशी बोलायची, हिच्या तोंडाकडे बघून दिवस काढायची. इथं एकेक शब्द लेकीच्या पदरात पडणार होता. सोपानराव हात जोडून म्हणाले, "अंगदराव, बाईमान्साचं मनावर घिऊ नका. बांधा पैंजन. हाय त्या भावानं."

विमलबाईंचा रसाचा ग्लास तसाच होता. त्यांनी तो उचलून एका दमात संपवला.

"आन् भांडी?" अंगदनं विचारलं.

"भांडी..." विमलबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं सफाईदार खोटं निघालं, "भांड्यांवर नाव कोरायला टाकलंय नगरला. आता परत घेत न्हाईत ते."

परतीच्या एसटीत सोपानराव म्हणाले, "नाव कधी कोरायला टाकलंस?" "आज," त्या म्हणाल्या. नगरला बस बदलताना उतरून त्या थेट सराफ बाजारात गेल्या. ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन. घंटी राहिली, तेवढी ऐपत नव्हती. प्रत्येकाचा शिक्का भिंगातून बघितला. बिलावर वजन, टंच, मजुरी वेगवेगळं आलं. सोपानराव दारातच उभे राहिले होते, आत आले नाहीत.

लग्नात रुखवतापाशी बायकांची गर्दी झाली. अंगदमामानं निरांजन उचलून तळहातावर झुलवलं. "हलकं हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. कुणीतरी "आगं बया, पत्रा हाय की काय!" म्हणून हसलं. विमलबाईंनी पाहुण्यांना पान-सुपारी दिली. मांडवात ज्ञानेश्वरी घुंगरं वाजवत चालत होती आणि सगळ्या बायका म्हणत होत्या, पैंजण बघा कसे भारी.

पाठवणीच्या गडबडीत बनुबाईंनी विमलबाईंना स्वयंपाकाच्या मांडवाआड ओढलं. विमलबाईंना वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. बनुबाईंनी कमरेची पिशवी काढली. आत रुमालात दोन जिनसा होत्या. एक जोड तोडे आणि एक कमरपट्टा.

"नगरला त्या दुकानात मशीन हाय ना? बघून आना. तोडे माझ्या बापानं केलेले, पट्टा अंगदनं. संदीपच्या बारशाला." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "मला जाता यायचं न्हाई. कुनी बघितलं तर अंगदला कळंल. आन् त्याला कळू देऊ नका, तुमच्या पोरीची शपथ हाय."

विमलबाईंनी रुमाल घेतला, कारण न घेणं शक्य नव्हतं. ज्या बाईनं सगळ्यांदेखत त्यांची लाज काढली होती, तिचं गुपित आता त्यांच्या चोळीशी लागून बसलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या नगरला गेल्या. तोडे नव्वद टंच निघाले. काउंटरवरच्या मुलीनंही "छान माल आहे" म्हटलं. कमरपट्टा अठ्ठावन्न. विमलबाईंनी तीनदा तपासून घ्यायला लावला. मुलीनं कंटाळा न करता पट्ट्याच्या वेगवेगळ्या जागा तपासल्या. आकडा तोच.

सांगावं की न सांगावं? सांगितलं तर बहीण-भावांत मिठाचा खडा पडायचा आणि त्याचं खापर ज्ञानेश्वरीवर फुटायचं. न सांगितलं तरी बनुबाई विचारणारच. दुकानाच्या पायरीवर बसून विमलबाईंनी मोबाईल काढला. रस्त्यावरून टेम्पो जात होते, आवाज नीट येत नव्हता. एका कानावर हात धरून त्या बोलल्या.

"तोडे नव्वद," त्या म्हणाल्या.

"आन् पट्टा?"

खोटं एकदा सफाईदार निघालं होतं, दुसऱ्यांदा निघेना. "अठ्ठावन्न."

मग बनुबाई म्हणाल्या, "मला ठावं होतं. बारशादिवशीच ठावं होतं. पण भाऊ एकच हाय, विमलबाई. त्याच्या दारात गेलं न्हाई तर मला माहेरच न्हाई."

"व्हय," विमलबाई म्हणाल्या.

"पैंजनाचं पोरीला सांगितलंय का?"

"न्हाई."

"नका सांगू. तिला अजून लई दिवस ऱ्हायचंय आमच्यात." पलीकडे कुणीतरी आल्यासारखं झालं. बनुबाईंचा आवाज एकदम चढला, घरगुती, मोठा: "व्हय हो विहीणबाई, पोरगी मजेत हाय तुमची! या की एकदा!"

फोन बंद झाला. विमलबाईंनी तोडे आणि पट्टा रुमालात गुंडाळले, गाठ मारली, आणि हे परत कुणाच्या हातानं, कसं पोहोचवायचं याचा विचार करत बसस्थानकाकडे चालू लागल्या.