पूर्ण एक मिनिट

मी एक जुने घड्याळ आहे. मित्रांनो, मला मनगटावर बांधत नाहीत; नर्सच्या छातीवर उलटे टाचतात, म्हणजे तिने मान खाली घातली की मी सरळ दिसतो. माझी पहिली मालकीण निवृत्त झाली आणि मी कपाटात धूळ खात पडलो. पुढे तिने मला भाचीला दिले.

ही भाची आपल्या देशात अकरा वर्षे नर्स होती. परदेशात मात्र तिला तीन वर्षे मदतनीस म्हणून राबावे लागले. भाषेची परीक्षा दोनदा, मग प्रात्यक्षिक, मग कागदपत्रांची वाट. अखेर नोंदणी झाली आणि तिची पहिली रात्रपाळी लागली.

आठ रुग्ण होते. चौथ्या खाटेवर खुब्याचे ऑपरेशन झालेले आजोबा. शिरेतून वेदना शमवणाऱ्या मॉर्फीनचा पंप, नाकाशी ऑक्सिजनची नळी. दोन वाजता तिचे पाय भरून आले होते. आजोबा गाढ झोपलेले दिसत होते.

वरिष्ठ नर्स म्हणाली, बोटावरचं यंत्र ऑक्सिजन शहाण्णव दाखवतंय, झोपू दे त्यांना.

पण नळीतून ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगला राहतो. तिने आजोबांच्या छातीकडे पाहिले, मग माझ्या सेकंदकाट्याकडे. अर्ध्या मिनिटात मोजून दुप्पट करता आले असते. ती पूर्ण मिनिट उभी राहिली.

सात श्वास. निदान बारा तरी हवे होते.

हाका मारल्या, खांदा हलवला. डोळे जेमतेम उघडले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मॉर्फीन जास्त झाल्याची खूण. मदतनीस असताना तिला पंपाला हात लावायची मुभा नव्हती. आज तिने तो स्वतः थांबवला, हनुवटी उचलून धरली आणि घंटा दाबली. वरिष्ठ नर्सने फोन लावून तिच्या कानाशी धरला.

डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले, "नक्की मोजलेत ना?"

"पूर्ण मिनिट मोजलंय. सात आहेत. मॉर्फीन बंद केलंय. तुम्ही लगेच या."

डॉक्टर धावत आले. मॉर्फीनवरचा उतारा थोडा थोडा शिरेतून दिला. श्वास बारावर आले. मग वेदनाही परतली आणि आजोबा करवादले, "बरा झोपलो होतो. कशाला उठवलंत?"

"चुकलं, आजोबा," ती म्हणाली आणि हसली.

उतारा मॉर्फीनच्या आधी ओसरतो. म्हणून ती पहाटेपर्यंत दर काही मिनिटांनी त्यांचे श्वास मोजत राहिली. प्रत्येक नोंदीखाली तिने सही केली. वरिष्ठ नर्स स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवून उरलेल्या सात खाटा बघायला गेली.

सकाळी खोलीवर येऊन ती बूट न काढताच आडवी झाली. मी तिच्या छातीवरच होतो, तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी रात्रपाळी करून आले, तर दार हळू लावा. त्यांना झोपू द्या.