उभ्या गाडीचे किलोमीटर

डेपोचा नियम असा, की आठवडाभरात ज्याचे किलोमीटर सर्वांत जास्त, त्याला पुढच्या आठवड्यात जवळची फेरी. सोमवारी बेरीज भिंतीवर लागली की ड्रायव्हर मंडळी तिला देवासारखे हात जोडायचेच काय ते बाकी ठेवत.

महिनाभर जवळची फेरी सगळे ज्यांना मामा म्हणत त्या ड्रायव्हरलाच मिळत होती.

"जवळच्या जवळ फिरून पहिला नंबर?" पैलवान म्हणाला. अंगाने काडी, म्हणून पैलवान. "मामांची गाडी झोपेतही चालते वाटतं! इथं हायवेवर माझी कंबर गेली."

बेरीज मांडणारी मुलगी मामांची सख्खी भाची. तिने मामांचा दिवस नकाशावर उघडला. दुपारी इस्पितळापाशी गाडीच्या जीपीएसच्या ठिपक्यांचा नुसता गुंता झाला होता. उंच भिंतींवर आपटून सिग्नल भरकटत होता आणि प्रोग्राम प्रत्येक ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवत होता. एक पुढच्या गल्लीत, दुसरा मागच्या. मग दोन ठिपके जोडायला अख्खा वळसा मोजत होता. गाडी जागची हलली नव्हती, किलोमीटर मात्र पळत होते.

आत मामी होती. जेवणाच्या सुट्टीत मामा तिच्या उशाशी बसत.

"मामा, हे दुरुस्त केलं तर तुम्हाला लांबची फेरी लागेल. साहेबांना मामीचं सांगू का?"

"चुकून मिळत होतं ते वेगळं. आता पैलवानाची कंबर मोडून मागून घेऊ?"

भाचीने दुरुस्ती केली. थांबलेल्या गाडीचे ठिपके मिळून एकच जागा धरायची. चालत्या गाडीचे ठिपके सुटे न बघता ओळीने बघायचे, आणि तेवढ्या वेळात जाता येईल असाच रस्ता निवडायचा. सोमवारी मामा तळाला गेले. पैलवान खूश झाला, मामीचं कळल्यावर मात्र त्याने बेरजेकडे पाठ फिरवली.

मामा आता अंधार पडल्यावर इस्पितळात पोचत. तोवर मामीला गोळीने झोप लागलेली असे. "घोरते म्हणजे बरी आहे," असं ते घरी सांगत.

गुरुवारी भरदुपारी इस्पितळातून भाचीला फोन आला. मामा हायवेवर होते. तिने कळवताच अर्धा माल तसाच गाडीत ठेवून ते माघारी वळले. भाची पडद्यावर बघत बसली. मोकळ्या रानातला रस्ता, ठिपके कसे सुतात आलेले. गाडी इस्पितळापासून लांबच होती, तेवढ्यात दुसरा फोन आला. मामी गेली.

तेरावं झाल्यावर मामा डेपोत आले आणि भाचीच्या खुर्चीपाशी उभे राहिले.

"गुरुवारची ती माघारीची वाट. बेरजेत धरलीस?"

"आपोआप धरली गेली, मामा."

"काढून टाक. ती काही मालाची फेरी नव्हती."

तिने काढली. मामा पडद्यावर बेरीज कमी होईपर्यंत थांबले, मग लांबच्या फेरीची किल्ली घेऊन गेले.