एका मोबाइलची लांबलेली बातमी

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे तराजूबाई म्हणत. उपसंपादक म्हणून बावीस वर्षं तिने एकच व्रत पाळलं होतं: चोरी जेवढी, शब्द तेवढा. दुकानातून साबण गेला तर 'भुरटी चोरी', कुलूप फुटलं तर 'घरफोडी', टोळी हत्यारं घेऊन आली तरच 'दरोडा'. नव्या बातमीदारांना प्रत्येक गोष्टीत दरोडाच दिसतो, हे तिचं ठाम मत.

त्या दिवशीही तेच. बातमीदाराने लिहिलं होतं, 'भरदिवसा मोबाइलचं दुकान लुटलं!'

"किती जण होते?" तिने विचारलं.

"एकच, ताई."

"हत्यार?"

"नव्हतं."

"गेलं काय?"

"एक मोबाइल. स्वस्तातला."

"मग कसली डोंबलाची लूट?" तिने लाल पेन उचललं आणि मथळा केला: 'दुकानातून मोबाइल लांबवला'. जागा कमी होती, म्हणून खालच्या चार ओळीही कापल्या.

बातमी छापून आली त्याच दिवशी दुपारी त्या दुकानातली विक्रेती अंक घेऊन टेबलासमोर उभी राहिली. मनगटाला पट्टी होती.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?"

"का? काय चुकलं?"

"मालकांनी मला कामावरून काढलंय. म्हणाले, लांबवला म्हणजे तुझं लक्ष नव्हतं. अहो, माझ्या हातातून ओढला त्याने! मनगट पिरगाळून. मी सोडत नव्हते."

तराजूबाईला आधी रागच आला, अर्थात बातमीदाराचा. एवढी मोठी गोष्ट लिहायची राहते कशी? तिने तावातावाने कालचा कागद शोधून काढला. कापलेल्या चार ओळींतल्या तिसरीत स्वच्छ लिहिलं होतं, 'विक्रेतीचा हात पिरगाळून'. त्यावरून तिचीच लाल रेघ गेलेली. तिचं तोंड एवढंसं झालं. तिने वस्तूची किंमत पाहिली होती, ती नेली कशी हे पाहिलंच नव्हतं.

"दुरुस्ती आतल्या पानावर टाकू," संपादक म्हणाले.

"नाही. बातमी होती तिथेच, तेवढ्याच अक्षरात," ती म्हणाली. आवाज चढला तेव्हा संपादकांनीही नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी अंक निघताच ती विक्रेतीला घेऊन दुकानात गेली. मालकाने मोठ्याने वाचलं: 'मोबाइल लांबवला नव्हता. विक्रेतीचा हात पिरगाळून तो हिसकावून नेला. तिने प्रतिकार केला. चूक आमची.'

"हे कालच का नाही छापलं?" मालकाने विचारलं.

"बातमीदाराने लिहिलं होतं. मी खोडलं."

मालकाने विक्रेतीच्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग त्याने काउंटरची फळी वर उचलून धरली. विक्रेती आत गेली आणि दुखऱ्या हाताने तिने काचेवरची धूळ पुसायला घेतली.