नोलीनने वरून काढलेला फोटो

कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या प्रत्येक कुत्र्याची जात क्लाइव्ह फोटो बघून ठरवायचा आणि बहुतेकदा एकच ठरवायचा. रुंद डोकं, आखूड केस दिसले की ‘स्टॅफी मिक्स’, म्हणजे स्टॅफर्डशर बुल टेरियरचा संकर, म्हणून मोकळा. टगर नावाच्या कुत्र्यालाही त्याने तेच लिहिलं होतं. टगरला येऊन सत्तेचाळीस दिवस झाले, पण दत्तक देण्याच्या वेबसाइटवर त्याच्यासारखे चौदा स्टॅफी असल्याने लोक त्याला नुसते बघून पुढे सरकत. तिथेच काम करणाऱ्या नोलीनचा जीव त्याच्यावर जडला होता, आणि ती आता चिडली होती.

“क्लाइव्ह, नीट बघ ना. पायांवर बारीक ठिपके, एक कान उभा, तोंड पुढे निमुळतं, धड लांब. हीलर आहे रे तो, गुरं हाकणारा! स्टॅफी असलाच तर थोडा.”

“तीस वर्षं करतोय मी हे, नोलीन. फोटो खोटं बोलत नाही.”

“तू कुत्र्याच्या नाकाला फोन चिकटवून, वरून फोटो काढतोस. डोकं भोपळ्याएवढं दिसतं आणि पाय गायब!”

तो हसला. त्या हसण्याने तिच्या डोक्यात किडा वळवळला.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह जेवायला गेला तेव्हा त्याची लाडकी डचेस गाडीतून उतरून पाण्याच्या टाकीत डुंबत होती. डचेस म्हणजे कागदपत्रांसकट शुद्ध, काळी लॅब्रॅडोर. नोलीनने तिचा पट्टा काढला, पाव दाखवून मान वर करायला लावली आणि अगदी जवळून, वरून फोटो घेतला. ओले कान मागे चिकटलेले, थोबाड रुंद आणि आखूड. मग तो नव्या कुत्र्यांच्या यादीत टाकला.

परत आल्यावर क्लाइव्हने चहाचा घोट घेत यादीतला तो फोटो उघडला. “स्टॅफी मिक्स. अगदी ठसठशीत. जबडा बघ!”

“नक्की?”

“डोळे मिटून सांगतो.”

“तसंच सांगितलंस,” नोलीन म्हणाली आणि खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर भिजलेली डचेस पट्ट्याविना उभी होती. क्लाइव्हने स्क्रीनकडे पाहिलं, मग डचेसकडे, मग परत स्क्रीनकडे. त्याचे कान लाल झाले.

“अगं बाई, तू फार दुष्ट आहेस.”

“आहेच. चल, आता टगरसमोर पोटावर झोप.”

दोघंही चिखलात आडवी झाली. फोन टगरच्या छातीच्या उंचीवर, बाजूने, चार पावलं लांब धरून. फोटोत लांब धड आलं, ठिपकेदार पाय आले, निमुळतं तोंड आलं. क्लाइव्हने स्वतःच लिहिलं: ‘हीलर मिक्स, थोडा स्टॅफी असावा. फोटोवरून केलेला अंदाज.’

शनिवारी आयरीन नावाची शेतकरीण आली. “हीलर म्हटलंय म्हणून आले. माझा म्हातारा हीलर गेला, गाई माझं ऐकत नाहीत.” तिने टगरच्या पाठीवर उलट्या दिशेने हात फिरवला, हीलरला असते तशी आतली मऊ लव बोटांना लागली. तिने मान डोलावली आणि दोरी मागितली.

क्लाइव्ह त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला तो डोळे पुसत आणि नोलीनला म्हणाला, “बाकीच्या चौदांचे फोटो नव्याने काढायला घेऊ या का गं?”