तीन इंचांचा काठ

लालबागच्या नाक्यावर दगडूचं फ्रेमचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोलीच ती. पण भिंतीवर एवढे देव दाटीवाटीने टांगलेले असत, की आत शिरणाऱ्याचा हात आपोआप छातीशी जाई. दगडू संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला आणि येरवड्याला गेला. तेव्हापासून दुकान त्याची बायको शेवंती चालवत होती. नवऱ्याशेजारी बसून काच कापायला ती केव्हाच शिकली होती, पण गल्ल्यावर बाई बसलेली बघून निम्मी गिऱ्हाइकं "मालक कधी येतात?" एवढं विचारून मागे फिरत.

धाकटा दीर रामू गिरणीत होता. मनाने वाईट नव्हता, पण घाबरट होता, आणि घाबरट माणसाला दुसऱ्याची काळजी फार. त्याने एक पानवाला पाहून ठेवला होता. "वयनी, दादा सुटेपर्यंत जागा त्याका देऊया. तुमचोही जीव सुटात," असं तो रोज सांगे. शेवंतीला आपला जीव सोडवायचाच नव्हता. सकाळी फळी उघडून ती खुर्चीवर बसली, की दगडू परत येणार आहे आणि तोवर ती खुर्ची आपलीच आहे, असं तिला वाटे. एकदा पानाचं तबक तिथं बसलं की ते हलणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी तिने रामूकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात राजलक्ष्मीबाई आल्या. त्या परळच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि राहायला गिरगावात होत्या. घराणं जुनं, बोलणं स्वच्छ, चेहरा असा की शेवंतीने आधी पदर सारखा केला. बगलेत त्यांनी स्वतः रंगवलेलं एक जुनं जलरंगाचं चित्र होतं. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेलं एकच निळं लुगडं आणि त्याच्या मागून येणारं ऊन. चौकट जाडजूड होती, काळपट पडलेली, आणि काच थेट रंगांवर टेकलेली.

"गिरगावात प्रदर्शन आहे, रविवारी चित्र द्यायचंय," त्या म्हणाल्या. "नवी बारीक चौकट हवी आणि आत पांढरा माउंट."

माउंट म्हणजे चित्राभोवती बसवायचा जाड पुठ्ठा, मधे खिडकी कापलेला. शेवंतीने पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढून चित्राच्या कडेने मागेपुढे सरकवून दाखवले. दोघींनी मिळून ठरवलं, बाजूंना नि वर तीन इंच मोकळा काठ, खाली साडेतीन.

"खाली जास्त का?" राजलक्ष्मीबाईंनी विचारलं, पण त्यांना उत्तर ठाऊक होतं, हे शेवंतीच्या लक्षात आलं.

"सारखं ठेवलं तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं, बाई."

"बरोबर," म्हणून त्या निघून गेल्या.

शेवंती इतकी खुशीत आली, की तिथंच तिने माती खाल्ली. देवांच्या तसबिरींची गिऱ्हाइकं पहिला प्रश्न कोनाड्याचा विचारतात. तसबीर कोनाड्यात बसली पाहिजे, म्हणून या दुकानात माप नेहमी चौकटीच्या बाहेरच्या कडांवरून घेतलं जाई. शेवंतीनेही टेप तशीच लावली. रुंदी पंधरा, उंची एकोणीस. हेच चित्राचं माप धरून तिने काठ मिळवले आणि एकवीस बाय साडेपंचवीसची चौकट ठोकली, काच कापली, माउंटचा पुठ्ठाही कापला. तेव्हा मालाची टंचाई होती आणि असला पुठ्ठा तिच्याकडे एकच उरला होता. सुदैवाने खिडकी कापायची बाकी होती, कारण उघडं चित्र धुळीत नको म्हणून तिने जुनी चौकट शनिवारी खोलायचं ठरवलं होतं.

शनिवारी खोलली. लाकडाची दीड इंचाची जाड पट्टी निघून गेली आणि आतून कागद निघाला साडेबारा बाय साडेसोळाचा. शेवंतीने टेप पुन्हा लावून पाहिली. चौकटीच्या खाचेत चारही बाजूंनी पाव पाव इंच कागद दडला होता, तो सोडला तर दिसणारं चित्र बारा बाय सोळाच होतं.

रामू रात्रपाळी करून आला होता. पानवाल्याचा निरोप तोंडावरच होता. त्याने एकवार सगळं पाहिलं. "मगे काय झाला? चित्र मधे ठेवा. काठ साडेचाराचो होईल. पांढरा ता पांढरा."

शेवंतीने काटकोनी तुकडे तसे धरून पाहिले. एवढ्या पांढऱ्यात ते निळं लुगडं पोस्टाच्या तिकिटासारखं दिसू लागलं. तिला त्या लुगड्याचीच कीव आली.

"नाय भावजी. तीन ठरलेत, तीनच होतील. मोठं आहे ते लहान करता येतं. लहान कापलं असतं तर रडले असते."

तिने नव्या चौकटीचे बारीक खिळे उपटले, चारी पट्ट्या सुट्या केल्या, आणि नेमक्या त्याच वेळी राजलक्ष्मीबाई दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी येणार होत्या, आल्या दुपारी. टेबलावर सुटी लाकडं, उघडं पडलेलं चित्र, आणि बाजूला हात बांधून उभा दीर.

"हे काय?"

गिऱ्हाइकाला सांगायला बहाणे शंभर असतात. शेवंतीच्याही जिभेवर दोन आले होते. पण तिने सरळ सांगून टाकलं, "बाई, चूक माझी. मी बाहेरून मापलं. चौकट तीन इंचांनी मोठी झाली. आता कमी करतेय."

राजलक्ष्मीबाईंचा चेहरा ताठ झाला. "मी दुसरीकडे नेते. उद्या द्यायचंय."

"न्या. पण एकदा बघून न्या."

तिने तुकडे चित्रावर ठेवले. आधी साडेचार इंच. मग हळूहळू आत घेत तीनवर आणले, खालचा साडेतीनवर. लुगडं पुन्हा गॅलरीत आलं, मागचं ऊनही दिसायला लागलं. राजलक्ष्मीबाईंनी वाकून पाहिलं. मग स्टुलावर बसल्या.

"कापा," त्या म्हणाल्या. "मी बघते."

शेवंतीने पुठ्ठा आधी अठरा बाय साडेबावीसवर आणला. उलट्या बाजूने तीन, तीन, वर तीन, खाली साडेतीन आखून तिरक्या धारेने खिडकी कापली, बारा बाय सोळाची, म्हणजे चित्राची कड सगळीकडून पाव इंच आत दबेल. चित्र वरच्या कडेला दोनच पट्ट्यांनी चिकटवलं, कारण चारी बाजू डकवल्या की दमट हवेत कागद फुगतो. काचेवर काच कापायची हिरकणी फिरवली. काच सरळ तुटली. पट्ट्या कापताना खाचेतलं माप तिने एका सुताने मोठं ठेवलं, इंचाचा आठवा भाग, नाहीतर पुठ्ठा आवळून बसतो. सरस लावून कोपरे जुळवायची वेळ आली, तेव्हा रामूने न सांगता चौकट दोन्ही हातांनी धरली.

"जरा दाबा, भावजी. हां. आता हलू नका."

चौकट उभी राहिली. राजलक्ष्मीबाई दोन पावलं मागे गेल्या.

"दहा वर्षं भिंतीवर होतं हे," त्या म्हणाल्या. "मध्यंतरी मी ते काढून टाकायच्या विचारात होते."

जाताना त्या उंबऱ्यावर थांबल्या. "घरी अजून आहेत. सोमवारी याल का मापायला? आधी खोलू, मग मापू."

"येते, बाई."

त्या गेल्या. रामू बोटाचा सरस चोळत उभा राहिला. बाहेर पानवाला घुटमळत होता, फळीची लांबी नजरेने मापत. शेवंती काही बोलायच्या आधीच रामू त्याच्याकडे गेला.

"नाय जमाचा," तो म्हणाला. "वयनीक काम हा."