गरम कपातला हितेश

शीळफाट्यावरचं होर्डिंग. टिटवाळ्याच्या शकूचा मेसेज. साठ रिकामे कप. दहावीचा जुना फोटो.

या चारही गोष्टींनी दर्शनाच्या डोक्याला ताप दिला होता, कारण शाळेच्या स्नेहमेळाव्याचं बजेट तिच्याकडे होतं. खोपटच्या हॉलचे जेवणासकट बहात्तर हजार, भेट द्यायच्या कपांचे अठरा. साठ जणांची हजार रुपये फी धरली तरी तीस हजार कमी पडत होते. फी दीड हजार केली तर शकूला परवडणार नव्हती, तसा तिचा मेसेजच होता. आणि शाळेत तिच्याच बाकावर बसणारी शकू नसेल तर दर्शनाला मेळावाच नको होता.

तीस हजार द्यायला त्यांच्याच वर्गातला हितेश तयार झाला. होर्डिंगवर हात जोडून उभा असतो, तोच.

"पण कपावर माझा फोटो पाहिजे हां! कप बघूनच चेक देणार."

"अरे, लोक त्यात चहा पितील की नवस बोलतील? बरं, टाकते."

मेळाव्यात कप वाटले. त्यांवर दहावीचा ग्रुप फोटो होता, मागच्या रांगेच्या टोकाला नुसता काळा ठिपका. हितेशचा चेहरा पडला.

"दर्शे, मी कुठाय?"

"चहा ओत की."

चहा ओतला तसा ठिपका विरला आणि तिथे हात जोडलेला हितेश उगवला. हॉल खदखदून हसला.

"थंड झाला की परत गायब!" शकू ओरडली. "शाळेतल्यासारखा!"

हितेश कपाकडे बघतच राहिला. मग त्याने चेक दर्शनाच्या हातात दिला आणि आणखी गरम चहा आणायला गेला.

दहावीचा तो ग्रुप फोटो काढला त्या दिवशी हितेश शाळेत आला नव्हता.