छत्तीस रुपयांची ओळ

नणंद चप्पल काढायच्या आधीच फोन काढते, तेव्हा ती भेटायला आलेली नसते, हिशेबाला आलेली असते. हे सूनबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. नणंद पाइप बनवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स सांभाळायची आणि माहेरी तिचं नाव ‘ऑडिट’ होतं. अर्थात पाठीमागे.

“हा कुठे गेलाय?” तिने विचारलं.

“औषधं आणायला. बसा ना वन्सं. चहा टाकते.”

“चहा नको. हे बघ आधी.”

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागे. भाडं भावाबहिणीत निम्मं निम्मं. नवरा फेरी झाली की बिलाचा स्क्रीनशॉट बहिणीला पाठवायचा आणि महिनाअखेर ती पैसे टाकायची. व्यवहार दुधासारखा स्वच्छ. मात्र ऑपरेशनच्या वेळीच नणंदेने एक अट घालून ठेवली होती: घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ज्या दिवशी आईला जिना जमेनासा होईल, त्या दिवशी आई माझ्या तळमजल्यावर येणार, त्यावर चर्चा नाही. सासूबाईंना ते नको होतं. लेक आणि जावई सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात; तिथे दिवसभर भिंतींशी बोलायचं का, असं त्या म्हणायच्या. म्हणून फोनवर रोज एकच उत्तर ठरलेलं होतं: “जिना? टुणटुण उतरते मी.”

आता त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. निदान डोळे तरी मिटलेले होते.

“हा गाडीचा हिशेब मला समजत नाही,” नणंद म्हणाली. “माझी स्कूटर आहे, मी कशाला बसतेय यात. दीडपट लिहिलंय. कशाच्या दीडपट?”

एवढंच ना, असं म्हणून सूनबाई हुरूपाने सरसावल्या. कापडाच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर उभं राहून त्यांची बोटं आकड्यांना सरावलेली होती. “हे बघा. गाडीत बसल्याचे पन्नास. अंतराचे एकशे सव्वीस. रस्त्यात गेलेल्या मिनिटांचे चौतीस. झाले दोनशे दहा. दवाखाना आपल्याला संध्याकाळचीच वेळ देतो, तेव्हा सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात, म्हणून दीडपट. दोनशे दहाचे तीनशे पंधरा. ही वरची एकशे पाचाची ओळ आहे ना, ती तीच.”

“आणि टॅक्स?”

“तो सगळ्यात शेवटी, सगळ्या बेरजेवर. पाच टक्के.”

“तीनशे पंधरावर पाच टक्के म्हणजे पावणेसोळा,” नणंद शांतपणे म्हणाली. “बिलात टॅक्स सतरा रुपये पंचावन्न पैसे आहे. आणि एकूण तीनशे अडुसष्ट पंचावन्न. तुझ्या हिशेबाने व्हायला हवेत तीनशे तीस पंचाहत्तर.”

आता सूनबाईंच्या लक्षात आलं: आपणच इतकं नीट समजावलं, की पळायला वाट ठेवली नाही.

बिल दोन फोटोंत होतं. पहिला दीडपटीच्या ओळीपर्यंत, दुसरा टॅक्सच्या ओळीपासून. मधली एक ओळ नवऱ्याने गाळली होती, आणि सुटलो असं समजून निवांत राहिला होता. एकूण रक्कम खाली तशीच बसलीय, हे त्या बाबाच्या डोक्यातच आलं नाही. बेरीज हा त्याचा विषय कधीच नव्हता.

“टोल असेल,” सूनबाई म्हणाल्या.

“कुठल्या रस्त्याला?”

“तो नवीन… पुलाकडून नेलं असेल.”

“टोल असता तर तो टॅक्सच्या खाली आला असता. तुमच्या पहिल्या महिन्यातल्या एका बिलात तसा आलाय, मी काढून बघितलं. त्यावर टॅक्स नव्हता. हे जे काही आहे त्यावर टॅक्स लागलाय. सतरा पंचावन्न हे तीनशे एक्कावन्नचे पाच टक्के होतात. म्हणजे मधे छत्तीस रुपये आहेत, आणि ते माझ्यापासून लपवलेत.”

“वन्सं, छत्तीस रुपयांसाठी…”

“एका फेरीचे छत्तीस. मागच्या तीन फेऱ्यांची बिलं अशीच दोन तुकड्यांत आलीयत.” नणंदेचा आवाज खाली आला. ती ओरडत नसे, आणि म्हणूनच तिची भीती वाटे. “मला पैशांचं काही नाही गं. मागितले असते तर दिले असते. पण आईच्या आजारपणात हात मारतो तो? ॲपमध्ये काय काय करून आकडे बदलतात म्हणे. मी आता दवाखान्याचे पैसे परस्पर भरेन. त्याच्या हातात काही देणार नाही. आणि का देत नाही ते विचारलं कोणी, तर सांगेन.”

सूनबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. सासूबाईंची पाठ हलली नाही.

त्यांच्या मनात त्या क्षणी दोन पारडी होती आणि दोन्हींत घरातलंच माणूस बसलेलं होतं. गप्प राहावं, तर ज्या नवऱ्याने दुकानदाराचा जास्त आलेला रुपयाही परत केलाय, तो बहिणीच्या लेखी चोर ठरतो. बोलावं, तर सासूबाईंना लेकीकडे जावं लागतं. त्यांनी ओट्याला हात टेकला. मग फोन उचलला. गाडी त्यांच्याच ॲपमधून बोलावली जायची, बिल अख्खं तिथे होतं.

“हे घ्या. पूर्ण आहे.”

नणंदेने चष्मा वर केला. “वेटिंग. छत्तीस. म्हणजे?”

“गाडी दारात येऊन थांबते त्याचे. पहिली तीन मिनिटं फुकट, मग मिनिटाला दोन रुपये. याला दीडपट लागत नाही, नुसतं मिळवतात, मग टॅक्स. तीनशे पंधरा आणि छत्तीस, तीनशे एक्कावन्न. बसला ना हिशेब?”

“बसला,” नणंद म्हणाली. “अठरा मिनिटांचे पैसे, आणि तीन फुकट. एकवीस मिनिटं गाडी खाली उभी होती?” तिने मागची फेरी उघडली, त्याच्या मागची. वेटिंगचा आकडा दर फेरीला थोडा वाढतच आला होता. “तुम्ही गाडी लवकर बोलावता?”

“नाही. आईंचा पहिला जिना उतरून झाला की मग बोलावतो.”

नणंद चष्मा काढून पदराने पुसत राहिली, मग तोच पदर डोळ्यांना लावला. “आणि टुणटुण?” एवढंच तिने विचारलं.

“हे दोन पायऱ्या खाली उभे राहतात, मी मागून धरते. प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवतो. चढताना तर… तेव्हा गाडी थांबलेली नसते, म्हणून बिलात येत नाही.”

आतून कॉट करकरली. “दाखवलंस?” सासूबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या. प्रश्न कुणाला होता, ते विचारायची गरज नव्हती.

नणंद उठून आत गेली. तिने आईच्या पायांवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात, एकेक शब्द मोजत सांगितलं, की रविवारी जावई मोठी गाडी घेऊन येतील. सासूबाईंनी पाय आखडून घेतले.

नवरा औषधांची पिशवी घेऊन आला तेव्हा बहीण आईच्या साड्यांची घडी घालत होती. त्याने साड्या पाहिल्या, ओट्यावरचा उघडा फोन पाहिला, मग बायकोकडे.

“तुला कोणी विचारलं होतं?”

“तुम्हाला चोर म्हणत होत्या.”

“मग म्हणू द्यायचं होतं,” तो म्हणाला, आणि पिशवी हातात तशीच धरून उभा राहिला.